नैराश्याची दोन-प्रश्नी चाळणी किती अचूक? नागपूरच्या ओपीडीतून अभ्यास करणाऱ्यांसाठी आणि वाचणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कम्युनिटी मेडिसिनचे पदव्युत्तर विद्यार्थी, नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रांतले वैद्यकीय अधिकारी आणि कधीकधी प्रबंधाचे परीक्षकही हे प्रश्न विचारतात. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच असतं. प्रबंधाच्या सारांशात ‘संवेदनशीलता ९२ टक्के’, म्हणजे नैराश्य असलेल्या शंभरातले ९२ चाचणीने पकडले, असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा कोणाच्या मुलाखतीवरून आला हे आतल्या पानांत शोधावं लागतं. म्हणून या पानावर एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेलं आहे. उदाहरणातले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत, ते कुठल्याही खऱ्या केंद्राचे नाहीत. प्रकाशित अभ्यासांतले आकडे जिथे आले आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

पीएचक्यू-२ म्हणजे नेमकं काय?

गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे दोन प्रश्न. पहिला, कामात किंवा आवडीच्या गोष्टीत रस वाटेनासा झाला का. दुसरा, उदास, खचल्यासारखं, निराश वाटलं का. प्रत्येकाला चार उत्तरं असतात: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. त्यांना ० ते ३ गुण, म्हणजे एकूण ० ते ६. नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ मधले हे पहिले दोन प्रश्न. वापरायला शुल्क नाही आणि परवानगीही लागत नाही. ३ किंवा जास्त गुण आले की चाचणी ‘पॉझिटिव्ह’ धरायची, अशी मूळ शिफारस आहे. या सीमेला कट-ऑफ म्हणतात.

पॉझिटिव्ह म्हणजे नैराश्य आहे असं नव्हे, या माणसाशी अजून बोलायला हवं एवढंच. मधुमेहाच्या किंवा बीपीच्या रांगेत ‘थकवा येते जी, झोप नाई लागत’ म्हणणाऱ्या पन्नास जणांतून कोणाजवळ थांबायचं, हे दोन मिनिटांत ठरवायला ती उपयोगी पडते.

अचूकता मोजायची ती कशाच्या तुलनेत?

प्रशिक्षित माणसाने घेतलेल्या निदान-मुलाखतीच्या तुलनेत. तिला संदर्भ मानक म्हणतात. एससीआयडीसारखी अर्ध-रचित मुलाखत मानसोपचाराचं शिक्षण घेतलेली व्यक्ती घेते आणि उत्तरावर उलट प्रश्न विचारू शकते. सीआयडीआयसारखी पूर्ण रचित मुलाखत लिहिलेले प्रश्न जसेच्या तसे वाचून होते. मिनी ही मुलाखत छोटी, पंधरा-वीस मिनिटांत आटोपणारी, म्हणून आपल्याकडच्या प्रबंधांत तीच जास्त दिसते.

कोणती मुलाखत निवडली यावरच निकाल बराच हलतो. २०१९ मध्ये ‘बीएमजे’मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात अनेक अभ्यासांतल्या प्रत्येक सहभागीची माहिती एकत्र केली होती. पीएचक्यू-९ चा १० गुणांचा कट-ऑफ अर्ध-रचित मुलाखतीशी ताडला तेव्हा संवेदनशीलता ८८ टक्के आली, मिनीशी ताडला तेव्हा ७७ आणि पूर्ण रचित मुलाखतींशी ७०. प्रश्नावली एकच, कट-ऑफही एकच. म्हणून दोन अभ्यासांतले टक्के शेजारी ठेवण्याआधी दोघांनी कोणती मुलाखत वापरली ते बघा.

संवेदनशीलता आणि विशिष्टता एकदा नीट उदाहरणासह सांगाल का?

समजा, पूर्व नागपुरातल्या एका नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात ओपीडीला आलेल्या १८ वर्षांवरच्या ६०० जणांना ओळीने पीएचक्यू-२ विचारली. १२० जणांना ३ किंवा जास्त गुण आले, ४८० जणांना कमी. आता असं धरा की या सगळ्यांच्या मनाची खरी अवस्था आपल्याला कळली आहे: ६८ जणांना मेजर डिप्रेशन आहे, ५३२ जणांना नाही.

| | नैराश्य आहे | नैराश्य नाही | एकूण |
|---|---|---|---|
| चाचणी पॉझिटिव्ह | ४८ | ७२ | १२० |
| चाचणी निगेटिव्ह | २० | ४६० | ४८० |
| एकूण | ६८ | ५३२ | ६०० |

संवेदनशीलता म्हणजे सेन्सिटिव्हिटी. नैराश्य असलेल्या ६८ पैकी चाचणीने ४८ पकडले, म्हणजे ७१ टक्के. विशिष्टता म्हणजे स्पेसिफिसिटी. नैराश्य नसलेल्या ५३२ पैकी ४६० जणांना तिने बरोबर सोडून दिलं, म्हणजे साधारण ८६ टक्के. दोन्ही आकडे टेबलातले उभे वाचायचे. आडवं वाचलं की वेगळ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं: पॉझिटिव्ह १२० पैकी ४८ जणांना खरंच नैराश्य, म्हणजे ४० टक्के. तोंडी परीक्षेत यांचीच सर्वांत जास्त गल्लत होते.

पण सगळ्या ६०० जणांची मुलाखत घेणं शक्य नसतं. मग?

इथेच बहुतेक अभ्यास बिघडतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

एक मुलाखत वीस मिनिटांची धरली तरी ६०० मुलाखतींना दोनशे तास लागतात, आणि मनोविकार विभागातला एखादा रेसिडेंट आठवड्यातून दोन सकाळीच मोकळा असतो. म्हणून ठरतं असं: पॉझिटिव्ह सगळ्यांची मुलाखत घ्यायची आणि निगेटिव्हपैकी थोड्यांची. समजा पॉझिटिव्ह १२० जणांची घेतली आणि निगेटिव्ह ४८० मधून चिठ्ठ्या टाकून दर पाचात एक, म्हणजे ९६ जणांची. पॉझिटिव्हमध्ये ४८ जणांना नैराश्य निघालं. निगेटिव्ह ९६ मध्ये ४ जणांना.

आता विद्यार्थी हातात असलेल्या २१६ मुलाखतींचं टेबल मांडतो. नैराश्य असलेले ४८ आणि ४, एकूण ५२. त्यातले ४८ चाचणीने पकडले, म्हणजे संवेदनशीलता ९२ टक्के. नैराश्य नसलेले ७२ आणि ९२, एकूण १६४. त्यातले ९२ बरोबर सोडले, म्हणजे विशिष्टता ५६ टक्के. प्रबंधात हेच छापलं जातं आणि निष्कर्षात ‘चाचणी अत्यंत संवेदनशील’ असं वाक्य येतं.

चूक कुठे झाली? निगेटिव्ह गटातल्या पाच माणसांमागे एकालाच विचारलं. त्या ४ जणांमागे मुलाखत न झालेल्यांत तसेच साधारण १६ जण असणार, कारण निवड चिठ्ठ्यांनी झाली होती. म्हणून निगेटिव्ह गटातला प्रत्येक मुलाखत दिलेला माणूस पाच जणांच्या वतीने मोजायचा. चार पंचे वीस सुटलेले, ब्याण्णव पंचे चारशे साठ बरोबर सोडलेले. वरचंच टेबल परत उभं राहतं, आणि संवेदनशीलता ९२ वरून ७१ वर येते, विशिष्टता ५६ वरून ८६ वर जाते.

याला व्हेरिफिकेशन बायस म्हणतात, म्हणजे पडताळणी एका बाजूचीच जास्त झाल्यामुळे आलेला कल. त्याची दिशा जवळजवळ ठरलेली असते: निगेटिव्ह लोकांची पडताळणी कमी झाली की संवेदनशीलता फुगते आणि विशिष्टता आक्रसते. एखाद्या प्रबंधात संवेदनशीलता नव्वदीच्या पुढे आणि विशिष्टता पन्नास-साठच्या घरात दिसली, तर आधी मुलाखतींची संख्या शोधा. संदर्भ मुलाखत किती पॉझिटिव्हांची आणि किती निगेटिव्हांची झाली हे लिहिलेलंच नसेल, तर त्या अभ्यासातला कुठलाच टक्का माझ्या मते उचलण्यासारखा नाही.

निगेटिव्ह एकाचीही मुलाखत झाली नसेल, तर संवेदनशीलता काढताच येत नाही. तसं करूनही १०० टक्के लिहिलेलं वाचायला मिळतं.

निगेटिव्हांपैकी जे थांबायला तयार झाले त्यांचीच मुलाखत घेतली तर चालेल ना?

नाही. पाचाने गुणण्याचा हक्क चिठ्ठीने मिळतो. इतवारीत हमाली करणारा माणूस बीपीची गोळी घेऊन दहाच्या आत कामावर पळतो. अर्धा दिवस बुडाला तर त्याची रोजी जाते. जो अकरा वाजेपर्यंत बाकावर बसून राहतो तो वेगळा माणूस असतो: वयस्कर, किंवा काम सुटलेला, किंवा बोलायला कोणीतरी हवं असलेला. त्याच्यात नैराश्याचं प्रमाण वेगळं असू शकतं, आणि किती वेगळं ते कळायला मार्ग नाही. त्यामुळे नावं आधी चिठ्ठीने काढायची आणि त्या माणसाला थांबणं जमत नसेल तर त्याच्या सोयीच्या वेळी, हवं तर फोनवर मुलाखत घ्यायची. तरीही किती जण सुटले हे आकृतीत दाखवायचं. चाचणीच्या अचूकतेचा अभ्यास लिहिताना काय काय सांगावं याची स्टार्ड २०१५ ही तीस मुद्द्यांची यादी अशी प्रवाह-आकृती मागतेच.

हाच प्रश्न सुरुवातीच्या ६०० बद्दलही विचारा. संशोधक फक्त सकाळी नऊ ते अकरा बसला असेल, तर संध्याकाळच्या ओपीडीला येणारे कामकरी लोक अभ्यासात नाहीतच. मे महिन्यात डेटा गोळा केला असेल तर पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कोण घराबाहेर पडून केंद्रात आलं, हाही निवडीचाच प्रश्न आहे.

फक्त ४ माणसांवर सगळा हिशेब उभा आहे, हे धोक्याचं नाही का?

आहे. ९६ मध्ये ४ ऐवजी २ जण निघाले असते तर सुटलेले १० झाले असते आणि संवेदनशीलता ८३ टक्के. ६ निघाले असते तर सुटलेले ३०, आणि संवेदनशीलता ६२. दोन माणसं इकडची तिकडे झाली की निष्कर्षाचा सूरच बदलतो. ९६ पैकी ४ या प्रमाणाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल काढला तर सुटलेल्यांची संख्या साधारण ८ ते ४९ च्या दरम्यान कुठेही असू शकते. केवळ या एका अनिश्चिततेपोटी संवेदनशीलता जवळपास ५० ते ८५ टक्के अशी पसरते.

सगळ्या ६०० जणांची मुलाखत झाली असती तर ७१ च्या आजूबाजूला साधारण ६० ते ८० एवढाच पसारा राहिला असता. म्हणजे वाचवलेल्या मुलाखतींची किंमत अचूकतेतून वसूल होते. हात आखडता घ्यायचाच असेल तर निगेटिव्ह गटात ‘०’ गुणवाल्यांपेक्षा १ आणि २ गुणवाल्यांच्या जास्त चिठ्ठ्या काढाव्यात, कारण सुटलेले बहुतेक तिथेच दडलेले असतात. मग प्रत्येक गटाला वेगळा गुणक लावायचा आणि संख्याशास्त्रज्ञाला डेटा गोळा करायच्या आधी भेटायचं, नंतर नाही.

प्रसिद्ध अभ्यासही या अडचणीतून सुटलेले नाहीत. २००३ मध्ये पीएचक्यू-२ ची मूळ पडताळणी आली तेव्हा ५८० जणांची मुलाखत झाली होती आणि त्यातल्या ४१ जणांना मेजर डिप्रेशन होतं. ३ गुणांच्या कट-ऑफला ८३ टक्के संवेदनशीलता हा जो आकडा सगळीकडे फिरतो तो या ४१ माणसांचा आहे.

कट-ऑफ २ ठेवावा की ३?

२ ठेवला तर सुटणारे कमी होतात, विनाकारण पकडले जाणारे वाढतात. २०२० मध्ये ‘जामा’त १०० अभ्यासांतल्या ४४ हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून आलेल्या विश्लेषणात, अर्ध-रचित मुलाखतीशी ताडल्यावर २ च्या कट-ऑफला संवेदनशीलता ९१ आणि विशिष्टता ६७ टक्के आली, ३ च्या कट-ऑफला ७२ आणि ८५. पुढे नऊ प्रश्न विचारायला माणूस आहे अशा केंद्रात मी २ घेईन. नसेल तर २ घेऊन रांग वाढवण्यात अर्थ नाही.

अभ्यासातला धोका वेगळाच आहे. डेटा आल्यावर सगळे कट-ऑफ चालवून बघायचे, ज्याला संवेदनशीलता आणि विशिष्टतेची बेरीज सर्वांत जास्त आली तो ‘आपल्या लोकसंख्येसाठी योग्य’ म्हणून जाहीर करायचा, आणि त्याच डेटावरचे टक्के त्याची कामगिरी म्हणून छापायचे. छोट्या नमुन्यात हा विजेता बऱ्याचदा नशिबाने जिंकलेला असतो. कट-ऑफ प्रोटोकॉलमध्ये आधी लिहा. दुसरा सुचवायचा असेल तर खुशाल सुचवा, पण त्याची परीक्षा नव्या रुग्णांवर होऊ द्या. आणि सगळ्या कट-ऑफचे आकडे छापा, फक्त चांगले दिसणारे नकोत.

ज्यांना आधीच नैराश्याची औषधं सुरू आहेत त्यांना घ्यायचं का?

घेऊ नये. चाळणी कोणासाठी आहे? ज्यांचा आजार अजून कोणाच्या लक्षात आलेला नाही त्यांच्यासाठी. ज्यांचं निदान झालं आहे त्यांना शोधण्याची गरज नाही, आणि त्यांना आपल्या त्रासाबद्दल बोलायची सवयही झालेली असते. असे लोक नमुन्यात मिसळले की चाचणी प्रत्यक्षात जेवढी पकडेल त्यापेक्षा जास्त पकडल्यासारखी दिसते. चिठ्ठीवर एस्सिटालोप्रामसारखं औषध लिहिलेलं आहे का एवढं बघितलं तरी बरेचसे वेगळे काढता येतात. झोपेची गोळी मागून घेणारे मात्र सहज ओळखू येत नाहीत, त्यांना थेट विचारावं लागतं.

मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार ओपीडीत रुग्ण जास्त मिळतात. तिथेच अभ्यास केला तर?

रुग्ण पटकन मिळतील, पण तो अभ्यास प्राथमिक केंद्राचा राहणार नाही. तिथे पोचलेल्या माणसाचा आजार बहुतेक वेळा तीव्र असतो, आणि तीव्र आजार दोन प्रश्नांतही दिसतो. तुलनेसाठी नर्सिंगचे निरोगी विद्यार्थी घेतले तर विशिष्टताही झळाळून उठते. प्राथमिक केंद्रात मधली माणसं जास्त असतात: गुडघे दुखतात, शुगर वाढली आहे, मुलाला नोकरी नाही, आणि मन लागत नाही. चाचणीची खरी कसोटी त्यांच्यापाशी लागते.

मुलाखत घेणाऱ्याला चाचणीचे गुण माहीत असले तर काय बिघडतं?

६ गुण बघून आत आलेला मुलाखतकार उदासीबद्दल जास्त खोदून विचारतो, ० बघून आलेला आटोपतं घेतो. दोन्हीकडे मुलाखत चाचणीशी जुळत जाते आणि दोन्ही टक्के वाढतात. गुणांचा कागद पाकिटात बंद करा. आणि पॉझिटिव्हांनाच पाठवताय हे मुलाखतकाराला यादीवरूनच कळत असेल तर पाकिटाचा उपयोग नाही. दोन्ही गट मिसळून पाठवा.

चाचणी आणि मुलाखत यांत किती अंतर चालेल?

प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल आहेत, त्यामुळे त्याच दिवशी घेतली तर उत्तम, आठवडाभर ठीक. महिन्याभराने घेतलेली मुलाखत वेगळ्याच काळाबद्दल बोलते.

आशाताईंनी प्रश्न वाचून दाखवले तर चालेल का?

वाचता न येणाऱ्यांसाठी ते करावंच लागतं, आणि प्रत्यक्षात चाचणी तशीच वापरली जाणार असेल तर अभ्यासातही तशीच वापरावी. फक्त दोन गोष्टी बघा. आशाताई त्याच वस्तीतल्या असतात, त्यांच्यासमोर ‘जगण्यात रस नाही’ म्हणणं म्हणजे गल्लीत सांगणं, असं अनेक बायांना वाटतं. आणि सासू किंवा नवरा शेजारी उभा असेल तर ‘बरं हाय जी, काई नाई’ यापलीकडे उत्तर येत नाही. त्या दिवशीचा ० हा खरा ० नसतो. पडदा आणि दोन खुर्च्या एवढी जागा नसलेल्या केंद्रात संवेदनशीलता कमी आली तर दोष प्रश्नांचाच असेल असं नाही.

दुसरं, चार उत्तरं चारच्या चार वाचली गेली पाहिजेत. घाईत ‘होते का, नाही?’ एवढंच विचारलं जातं आणि मग हो म्हणणाऱ्याला अंदाजाने २ दिले जातात. गुणांच्या यादीत १ जवळपास नसेलच तर हे घडतंय असं समजा. मराठी आणि हिंदी, दोन्ही फॉर्म वापरले असतील तर कोणाला कोणता दिला याचीही नोंद हवी.

पॉझिटिव्हपैकी साठ टक्के लोकांना नैराश्य नसतं, मग ही चाचणी काय कामाची?

उदाहरणातल्या १२० पैकी ७२ जणांना मेजर डिप्रेशन नव्हतं, हे खरं. पण त्यांच्यातले काही दुखवट्यात असतील, काहींना चिंतेचा विकार असेल. मुख्य मुद्दा असा की हा ४० टक्क्यांचा आकडा चाचणीइतकाच जागेचाही असतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये, ज्याच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, प्रौढांत त्या वेळी नैराश्य असलेल्यांचं प्रमाण २.७ टक्के आलं होतं. तसं प्रमाण असलेल्या वस्तीत हीच चाचणी घरोघरी नेली, तर हजारात २७ जणांना नैराश्य असेल, त्यातले १९ सापडतील, आणि नैराश्य नसलेले साधारण १३१ जण विनाकारण पॉझिटिव्ह येतील. म्हणजे दीडशेत १९. ओपीडीतला निष्कर्ष वस्तीच्या शिबिराला चिकटवू नये तो यासाठी.

यावर उपाय दुसऱ्या पायरीचा. ‘जामा’तल्या त्याच विश्लेषणात पीएचक्यू-२ वर २ किंवा जास्त आलेल्यांनाच पीएचक्यू-९ देऊन १० चा कट-ऑफ लावला, तेव्हा संवेदनशीलता ८२ आणि विशिष्टता ८७ टक्के राहिली, आणि नऊ प्रश्न विचारायची गरज ५७ टक्क्यांनी कमी झाली.

चाचणी अचूक ठरली तर केंद्रात सगळ्यांना लागू करावी, असं प्रबंधात लिहू का?

नका लिहू. या अभ्यासाने चाचणी मुलाखतीशी किती जुळते एवढंच कळतं. चाळणी सुरू केल्याने लोक बरे होतात का, हे लोकांना चिठ्ठीने दोन गटांत वाटून केलेल्या वेगळ्या, यादृच्छिक अभ्यासातून कळतं, आणि ते पुढे उपचार करणारा माणूस आहे की नाही यावर फार अवलंबून असतं.

अभ्यासात कोणी आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर?

पीएचक्यू-२ मध्ये तो प्रश्न नाही, पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नात आहे, आणि मुलाखतीत तर तो निघतोच. त्यामुळे पहिला रुग्ण घेण्याआधी नैतिक समितीच्या अर्जात लिहिलेली ठोस वाट हवी: त्या क्षणी केंद्रातल्या कोणत्या डॉक्टरला बोलवायचं, त्या माणसाला एकटं न सोडता मेडिकलला, मेयोला किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात कोण घेऊन जाणार, गाडी कुठली, घरच्यांपैकी कोणाला आणि त्याच्या संमतीने काय सांगायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो, तो चिठ्ठीवर लिहून द्यावा, पण तेवढ्यावर रुग्णाला घरी पाठवू नये. अशा माणसापुरतं पाकीट उघडायला हरकत नाही. त्याची नोंद करा आणि विश्लेषणात ती मुलाखत ‘गुण माहीत होते’ म्हणून वेगळी दाखवा.